चाळीस पानं, पाच रकाने

रविवारी दुपारी एक विद्यार्थिनी चार्ट पेपरची गुंडाळी काखेत मारून माझ्या घरी आली. आहारशास्त्राच्या पदविकेचं पहिलं वर्ष, घर गोंदियाचं, होस्टेल नागपूरच्या प्रतापनगरात. पेपर फरशीवर पसरला तर पंख्यानं उडायला लागला, म्हणून चार कोपऱ्यांवर माझे डाळीचे डबे ठेवले. अकरा रकाने, सतरा ओळी, चार रंगांचे स्केचपेन. पोषणाच्या धड्याची चाळीस पानं तिनं त्या एका कागदावर उतरवली होती.

"मॅडम, एक ओळ नाही सोडली. तरी डोक्यात काही राहून नाही राहिलं. काऊन असं होते?"

एक ओळ सोडली नाही, हेच कारण होतं. धडा लहान झालाच नव्हता, तो फक्त चौकटीत बसला होता. मी इथल्या एका रुग्णालयात बरीच वर्षं आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, आणि दरवर्षी नव्या मुली असाच तक्ता घेऊन येतात. त्या दुपारी आम्ही तिचा तक्ता कसा कापला आणि कापताना काय काय निघालं, ते इथे लिहिते.

तिचे रकाने असे होते: नाव, रासायनिक नाव, पाण्यात विरघळतं की तेलात, काम, स्रोत, पुरुषाची रोजची गरज, स्त्रीची, गर्भवतीची, रोग, लक्षणं, उपचार.

पहिली कात्री लागली ती गरजेच्या तीन रकान्यांना. क जीवनसत्त्वासमोर पुरुषासाठी 40 मिलिग्रॅम लिहिलं होतं. आयसीएमआरचा, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचा, हा आकडा 2010 चा. 2020 च्या शिफारशीत तोच 80 झाला. माणसाचं शरीर दहा वर्षांत बदललं नाही, मोजायची पद्धत बदलली. असे आकडे वेगळ्या पानावर ठेवायचे, वर ठळक अक्षरात साल लिहायचं, आणि नवे आले की ते पान फेकून द्यायचं. मुख्य तक्त्यात अशा गोष्टी ठेवाव्यात ज्या पुढच्या आवृत्तीत बदलणार नाहीत.

स्रोतांचा रकानाही पाठीमागच्या बाजूला गेला. क जीवनसत्त्वासमोर तिनं मोठ्या अक्षरात 'संत्री' लिहिलं होतं. नागपुरात राहून दुसरं काही लिहिणं म्हणजे गावाशी बेइमानी, हे मान्य. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या जुन्या कोष्टकात 100 ग्रॅम संत्र्यात 30 मिलिग्रॅम, पेरूत 212 आणि आवळ्यात 600 मिलिग्रॅम क जीवनसत्त्व दिलं आहे. त्याच संस्थेच्या 2017 च्या कोष्टकात आवळा 250 च्या आसपास येतो. आकडा कोणताही घ्या, संत्रं पेरूच्या मागेच. स्रोत लिहिताना आकड्यापेक्षा क्रम लिहावा, आणि नाव ज्याला सल्ला द्यायचा त्याच्या तोंडातलं असावं. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पेशंटला सांगताना सांबारच म्हणायचं, परीक्षेत मात्र नाही, कारण पेपर तपासणाऱ्या बाहेरगावच्या बाई डोशासोबतचं सांबार समजतील.

राहिला विद्राव्यतेचा रकाना. तो काढायला ती तयारच होईना. "हे तर पहिल्याच पानावर आहे मॅडम. पाण्यात विरघळणारी साठत नाहीत, तेलात विरघळणारी साठतात."

"मग बी12?" मी विचारलं. बी12 पाण्यात विरघळतं, आणि यकृतात त्याचा साठा वर्षानुवर्षं पुरतो. उलट के जीवनसत्त्व तेलात विरघळणारं, तरी त्याचा साठा इतका तुटपुंजा की नवजात बाळाला जन्मल्याबरोबर त्याचं इंजेक्शन द्यावं लागतं, नाहीतर रक्तस्रावाची भीती. नियम दोन्ही टोकांना फसतो. तो ज्या कारणासाठी पाठ करायचा, ते कारणच थेट लिहिलं तर? म्हणजे साठा किती दिवस पुरतो, तेवढंच.

या एका रकान्यानं तक्त्याचा नूरच बदलला. थायमिन, म्हणजे बी1, शरीरात सगळं मिळून 30 मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि दोन-तीन आठवड्यांत संपत येतं. क जीवनसत्त्व पुरेपूर भरलेल्या शरीरात 1500 मिलिग्रॅमच्या घरात असतं, आणि ते 300 च्या खाली उतरलं की हिरड्या बोलायला लागतात. त्याला एक ते तीन महिने लागतात. फोलेट तीन-चार महिने पुरतं. अ जीवनसत्त्व यकृतात चांगलं भरलेलं असेल तर कित्येक महिने.

हे माहीत असलं की पेशंटची हकीगत तपासता येते. कुणी म्हणालं, "पंधरा दिवसांपासून नुसत्या उपासावर आहे, म्हणून बी12 कमी झालं," तर ते होत नाही. कमतरता जुनी आहे, उपास नवा आहे. उलट गरोदर बाईला तीन आठवडे सारखी उलटी होतेय, पोटात काही टिकत नाही, तर सगळ्यात आधी आठवायला हवं ते थायमिन. अशा बाईला किंवा रोज दारू पिणाऱ्या माणसाला आधी ग्लुकोजची बाटली लावली आणि थायमिन दिलंच नाही, तर उरलंसुरलं थायमिन ती साखर जाळण्यातच खर्च होतं. मग डोळे नीट फिरेनात, तोल जातो, माणूस गोंधळतो. याला वेर्निके म्हणतात. धड्यात कर्बोदकं पान तीनवर आणि थायमिन पान एकवीसवर असतं. वॉर्डात ती एकाच सलाइनच्या नळीत भेटतात.

यातूनच शेवटचा रकाना सुचला: 'खाऊनही कमी का पडतं'. कमतरतेचा रोग म्हणजे अमुक पदार्थ खाल्ला नाही, एवढंच धडा वाचून मुलींच्या डोक्यात बसतं. आणि मग सगळ्यात जास्त फसवते ती नियासिनची ओळ.

तिच्या तक्त्यात ती अशी होती: नियासिन, बी3, रोग पेलाग्रा, लक्षणं तीन डी, म्हणजे डर्मटायटिस, डायरिया, डिमेन्शिया, स्रोत मांस, शेंगदाणे. परीक्षेत पूर्ण गुण मिळाले असते.

मी विचारलं, "दुधात नियासिन किती?"

तिनं पुस्तक उघडलं. 100 मिलिलीटरला 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे जवळजवळ नाहीच.

"मग दूध पिणाऱ्याला पेलाग्रा का होत नाही?"

हा प्रश्न माझा नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत मका खाऊन जगणाऱ्या गरिबांमध्ये पेलाग्रा भयंकर पसरला होता आणि तो संसर्गजन्य आहे असं बहुतेकांचं मत होतं. 1914 मध्ये जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तिथे पाठवलं. त्यानं पाहिलं की अनाथाश्रमातल्या मुलांना रोग होतो, सांभाळणाऱ्या नोकरांना होत नाही. जंतू असा माणसं निवडत नाही. मुलांच्या ताटात दूध, अंडी, मांस आल्यावर रोग हटला. पुढे 1937 मध्ये एल्व्हेयम या संशोधकानं दाखवलं की कुत्र्यांमधला असाच आजार निकोटिनिक आम्लानं, म्हणजे नियासिननं बरा होतो. पण दुधाचं कोडं राहिलंच. दुधात ते नव्हतं, तरी दूध रोग थांबवत होतं.

उत्तर प्रथिनांत निघालं. ट्रिप्टोफॅन नावाच्या अमिनो आम्लापासून शरीर स्वतः नियासिन बनवतं. हिशेब असा की 60 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनला 1 मिलिग्रॅम नियासिन. आम्ही तिथेच कागदाच्या कडेला मांडून पाहिलं. अर्धा लिटर गाईच्या दुधात सुमारे 16 ग्रॅम प्रथिनं, त्यात साधारण 210 मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅन. 210 भागिले 60, म्हणजे 3.5 मिलिग्रॅम. दुधातलं स्वतःचं नियासिन जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. म्हणजे दूध नियासिन देत नाही, नियासिनचा कच्चा माल देतं.

पण हा कारखाना फुकट चालत नाही. वाटेत बी6, बी2 आणि लोह लागतं. ताटात प्रथिनंच कमी असतील तर शरीर ट्रिप्टोफॅन आधी स्वतःच्या डागडुजीला वापरतं, नियासिनला उरतंच असं नाही. मक्याचं दुखणं आणखी वेगळं आहे. त्यात नियासिन असतं, पण असं बांधलेलं की आतड्याला सोडवता येत नाही. मध्य अमेरिकेतले लोक मका चुन्याच्या पाण्यात शिजवत आले आहेत, त्यानं ते सुटतं. मका परदेशात गेला, चुन्याची रीत गेली नाही, आणि मागोमाग पेलाग्रा गेला.

आणि ज्वारी? दख्खनच्या पठारावर ज्वारी हेच मुख्य अन्न असलेल्या गरीब लोकांत पेलाग्रा दिसायचा. हैदराबादचे संशोधक गोपालन आणि श्रीकंटिया यांनी 1960 मध्ये मांडलं की ज्वारीत ल्युसिन हे अमिनो आम्ल फार आहे आणि ते नियासिनच्या कामात आडवं येतं. इतरांचे निष्कर्ष सगळे तसेच आले नाहीत, त्यामुळे तक्त्यात हे लिहिताना पुढे प्रश्नचिन्ह टाकावं. भाकर खाणाऱ्या सासूबाईंना घाबरवू नये. डाळ, दूध, थोडे शेंगदाणे सोबत असले की नुसत्या ज्वारीनं काही होत नाही.

आता या ओळीची परीक्षा घेऊ. समजा एक पंचेचाळिशीचा माणूस आहे. बांधकामावर मजुरी, क्षयरोगाची औषधं चालू, रोज थोडी दारू, जेवण भाकर आणि चटणी. मे महिन्यात तो दाखवायला येतो. मानेभोवती आणि मनगटापर्यंत हात काळवंडलेले, जिभेची आग होते, महिनाभर पातळ संडास, आणि बायको म्हणते की आजकाल विसरतात फार, चिडतात. नागपूरचा मे, त्यामुळे घरचे, शेजारचे सगळे म्हणतात की ऊन लागलं.

उन्हानं रापलेल्या कातडीत आणि यात फरक पाहता येतो. पेलाग्राचा डाग दोन्ही बाजूंना सारखा असतो, कडा रेघ ओढल्यासारखी, कातडी जाड, काळसर, खवल्याखवल्यांची, भेगाळलेली. मानेभोवती तो हार घातल्यासारखा दिसतो. त्याला कॅसलचा हार म्हणतात, अठराव्या शतकात स्पेनमध्ये गास्पार कॅसलनं या रोगाचं पहिलं वर्णन केलं म्हणून. तरी नुसत्या कातडीवर विसंबू नये, कारण उघड्या अंगावर ऊनही तिथेच लागतं. ऊन जिभेची आग आणि महिनाभराची संडास देत नाही. तिन्ही एकत्र दिसली की मग ओळ उघडायची.

आणि ओळीच्या शेवटच्या रकान्यात या माणसाची सगळी हकीगत सापडते. क्षयरोगाच्या औषधांतलं आयसोनियाझिड बी6 निकामी करतं. म्हणून त्यासोबत बी6 ची गोळी देतात, ती सुटली की ट्रिप्टोफॅनचा कारखाना मधेच बंद. दारूनं खाणंही कमी आणि शोषणही कमी. चटणी-भाकरीत प्रथिनं बेताची. असं एकेक आडवं येत गेलं. तिच्या जुन्या ओळीत 'मांस, शेंगदाणे' एवढंच होतं. तेवढ्यावर ती या माणसाला शेंगदाणे खा म्हणाली असती आणि बी6 ची गोळी विचारायची राहून गेली असती. पुढचे उपचार डॉक्टर करतात, निकोटिनामाइड आणि बाकीची बी जीवनसत्त्वं देऊन. जीभ एक-दोन दिवसांत शांत होते, कातडीला आठवडे लागतात.

यानंतर आम्ही वरच्या तीन ओळींकडे गेलो, म्हणजे कर्बोदकं, प्रथिनं, स्निग्ध पदार्थ. ग्रॅमला 4, 4 आणि 9 किलोकॅलरी हे तिला येत होतंच. साठ्याचा रकाना इथेही चालतो, आणि जास्तच बोलका होतो. यकृतातली साखर दिवसभराच्या उपासात संपत येते. चरबी आठवडेच्या आठवडे पुरते. प्रथिनांचा साठा असा नसतोच. लागली की शरीर स्वतःचे स्नायू मोडतं.

इथे मला एक घर खोडावं लागलं. प्रथिनांच्या ओळीत लिहिलं होतं: 'कमतरता: क्वाशिओरकोर. उपचार: उच्च प्रथिनयुक्त आहार.' जुन्या धड्यांत असंच असतं. हा रोग 1933 मध्ये सिसिली विल्यम्स यांनी गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात वर्णन केला. तिथल्या गा भाषेतलं हे नाव, धाकटं भावंड आल्यावर दुधावरून उठवलेल्या मुलाचा आजार अशा अर्थाचं. त्यावरून सरळ समज झाला की सुकलेलं मूल म्हणजे कॅलरी कमी, सुजलेलं मूल म्हणजे प्रथिनं कमी. पण 1960 च्या दशकात गोपालन यांनी हैदराबादच्या आसपास पाहिलं तेव्हा सुजणाऱ्या आणि सुकणाऱ्या मुलांच्या जेवणात प्रथिनांच्या प्रमाणाचा असा काही फरक दिसला नाही. एकाच तऱ्हेच्या अपुऱ्या जेवणावर एक मूल सुकतं, दुसरं सुजतं. का, याचं उत्तर एका घरात मावत नाही.

हा वाद पुस्तकी वाटेल, पण या घरावरून मुलाचा जीव जाऊ शकतो. समजा मेळघाटातून एक दीड वर्षाचं मूल दाखल झालं. दोन्ही पावलांवर अंगठा तीन सेकंद दाबून उचलला तर खड्डा राहतो. वजनाचा काटा मात्र फारसा वाईट नाही सांगत, कारण त्यात सुजेचं पाणी मोजलं जातं. म्हणून काट्याआधी पाय पाहायचे आणि दंडाला पट्टी लावायची. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलात दंडाचा घेर 11.5 सेंटिमीटरपेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, आणि दोन्ही पायांवर सूज असेल तर पट्टी काहीही सांगो, तेही तीव्र कुपोषणच.

आता 'उच्च प्रथिनयुक्त' वाचून कुणी त्याला पहिल्याच दिवशी प्रथिनांची पावडर दिली तर? त्याचं यकृत, हृदय, मूत्रपिंड तो भार पेलायच्या अवस्थेत नसतात. म्हणून सुरुवातीला जे दूध देतात, एफ-75, त्याच्या 100 मिलिलीटरमध्ये 75 किलोकॅलरी आणि प्रथिनं एक ग्रॅमहूनही कमी असतात. थोडं थोडं, दिवसरात्र. भूक परतली, सूज उतरायला लागली की मग एफ-100, ज्यात प्रथिनं तीन ग्रॅमच्या जवळ जातात. लोहसुद्धा पहिल्या दिवसांत देत नाहीत. आम्ही ते घर खोडून लिहिलं: 'आधी सावरणं, मग वाढवणं.' तिनं खाली लाल रेघ मारली. ती मी मारू दिली.

फोलेट आणि बी12 च्या ओळी तिच्या तक्त्यात क्रमांकाप्रमाणे, म्हणजे एकमेकींपासून लांब होत्या. त्या शेजारी आणल्या. दोघांच्याही कमतरतेत रक्तपेशी मोठ्या आणि अर्धवट पिकलेल्या दिसतात, सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळत नाही. पण बी12 नसेल तर मज्जातंतूंचं आवरणही बिघडतं. तळपायाला मुंग्या, अंधारात चालताना पाय कुठे पडतोय ते कळत नाही. अशा माणसाला नुसतं फोलिक आम्ल दिलं तर रक्ताचा रिपोर्ट सुधारतो, सगळे खूश होतात, आणि पाय आतल्या आत बिघडत राहतात. म्हणून या दोन ओळींच्या मधली रेघच पुसून टाकली.

संध्याकाळपर्यंत कागद असा झाला. सगळ्या ओळी इथे देत नाही, पद्धत कळावी म्हणून सहा पुरेत.

| तत्त्व | कुठे लागतं | साठा | आधी काय बिघडतं, मग काय | खाऊनही कमी का पडतं |
|---|---|---|---|---|
| अ | अंधुक उजेडात दिसणं, डोळ्याचं ओलं आवरण | कित्येक महिने | रातांधळेपणा, मग डोळा कोरडा, पांढऱ्या भागावर फेसाळ असे बिटॉटचे ठिपके, शेवटी बुबुळ विरघळणं | जेवणात तेल-तूप नाही, गोवर, जुनाट जुलाब |
| बी1 | कर्बोदकं जाळणं | 2-3 आठवडे | भूक जाणं, पाय जड. मग बेरीबेरी, वेर्निके | दारू, सततची उलटी, फार पॉलिश केलेला तांदूळ |
| बी3 | पेशीतली ऊर्जा | सुमारे 2 महिने | जिभेची आग. मग पेलाग्रा | बी6 कमी, आयसोनियाझिड, दारू, बांधलेलं नियासिन (मका), ल्युसिन? |
| फोलेट | पेशी विभागणं | 3-4 महिने | थकवा, मोठ्या पेशींचा पांडुरोग. गर्भाच्या मज्जारज्जूत दोष | गर्भारपण, मिथोट्रेक्सेट हे औषध, भाजी फार शिजवणं |
| बी12 | पेशी विभागणं आणि मज्जातंतू | काही वर्षं | तसाच पांडुरोग, शिवाय मुंग्या, तोल | पोटातला शोषणाचा घटक नाही, मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध, दूधही न घेणारा शाकाहार |
| क | कोलॅजेन विणणं | 1-3 महिने | केसांच्या मुळाशी रक्ताचे ठिपके, सुजलेल्या हिरड्या. स्कर्व्ही | शिजवण्यात नाश, धूम्रपान |

चौथ्या रकान्यात क्रम महत्त्वाचा आहे, स्वल्पविराम मारून यादी करायची नाही. अ जीवनसत्त्वाचं पाहा. संध्याकाळी दिवेलागणीला मूल ठेचकाळतं, ही पहिली पायरी, आणि तिथून परत येता येतं. बुबुळ मऊ पडून विरघळलं की येता येत नाही. दोन्ही 'लक्षणं' म्हणून एकाच ओळीत लिहिली की ही मधली सगळी वाट दिसेनाशी होते.

पॉलिशच्या तांदळाबद्दल तिनं गोंदियाचं म्हणून विचारलं, "मग उकड्या तांदळाचं काय?" बरोबर जागी बोट ठेवलं. धान उकडलं की कोंड्यातलं थायमिन दाण्याच्या आत मुरतं, मग पॉलिश केलं तरी बरंच आत राहतं. उकडा भात खाणाऱ्यांत बेरीबेरी कमी दिसायचा तो यामुळे. ते तिनं बी1 च्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं.

शेवटी मी तिला डावीकडचा रकाना पुस्तकानं झाकायला सांगितला. परीक्षेत प्रश्न येतो डावीकडून: थायमिनच्या कमतरतेनं काय होतं? पेशंट येतो उजवीकडून: तोंडाच्या कोपऱ्याला चिरा पडल्यात. आणि उजवीकडून वाचलं की एकाला एक जोडी राहत नाही. ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा बी2 मुळे, बी6 मुळे, नियासिनमुळे, लोहाच्या कमतरतेमुळे पडू शकतात. म्हाताऱ्या माणसात नीट न बसणाऱ्या कवळीमुळेही पडतात. म्हणून मागच्या कोऱ्या जागेत तिनं दुसरा छोटा तक्ता काढला: तोंड, डोळे, कातडी, पाय, रक्त, आणि प्रत्येकासमोर पहिल्या तक्त्यातल्या ओळींचे क्रमांक. तोंडासमोरच पाच क्रमांक आले. तिचा चेहरा जरा पडला, पण तो तक्ता खरा होता.

मग राहिली सतरावी ओळ. 'लाखोळी डाळ: लॅथिरिझम.' गोंदिया-भंडाऱ्याकडे धानानंतर बांधीतल्या ओलीवर लाखोळी येते, तिच्या घरी ती वरणाला असते. धड्यात हा रोग 'आहारजन्य विकार' म्हणून कमतरतेच्या रोगांना लागूनच छापला होता, म्हणून तिनंही तक्त्यात घातला. कमतरता कशाची, ते घर मात्र रिकामं.

ते घर भरणार नाही, कारण तिथे काही कमी नाही, जास्त आहे. लाखोळीच्या दाण्यात ओडॅप नावाचं मज्जातंतूंना घातक अमिनो आम्ल असतं. डाळ महिनोन्‌महिने मुख्य अन्न म्हणून खाल्ली, जसं दुष्काळात दुसरं काही पिकत नाही तेव्हा होतं, तर पाय ताठरतात, गुडघे एकमेकांवर घासत कात्रीसारखी चाल होते, आणि पाय पुन्हा पूर्ववत होत नाहीत. पायाची जाणीव मात्र शाबूत राहते, आणि इथेच तो बी12 च्या कमतरतेपासून वेगळा ओळखता येतो. 1961 मध्ये केंद्रानं या डाळीच्या विक्रीवर बंदी आणली ती यामुळे. डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी फेकलं की विष बरंच उतरतं. अधूनमधून वाटीभर खाणाऱ्याची गोष्ट वेगळी.

"मग माझी आजी भिजवून पाणी टाकायची ते त्याच्यासाठी?" ती म्हणाली. "आम्हाला वाटे डाळ लवकर शिजाची म्हणून."

सतरावी ओळ तिनं व्हाइटनरनं पुसली आणि चौकटीच्या बाहेर, कागदाच्या खालच्या कडेला, वेगळ्या रंगात लिहिली. डबे उचलताना एकात लाखोळीच निघाली, मागच्या महिन्यात तिनंच आणून दिलेली.